कांडी कुणी बदलली?

घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून बघावी अशी भूतकथा करायची म्हटलं, की आपल्याकडे बहुतेक वेळा दोनच वाटा धरल्या जातात. एक तर भुताला विदूषक करायचं: ते घसरून पडतं, त्याला शिंका येतात, पोरं खिदळतात. नाहीतर शेवटच्या पाच मिनिटांत सांगून टाकायचं की भूत-बित काही नव्हतं, गोदामातला चोर होता. पहिल्या वाटेने गेलं की उत्सुकता मरते, कारण जे हसण्यावारी नेलं त्याचं पुढे काय होणार याची फिकीर कुणालाच नसते. दुसरी वाट ही सरळ फसवणूक आहे, आणि आठ वर्षांच्या मुलालासुद्धा ती कळते. लेखक असं करतात कारण भीती आणि उत्कंठा ही एकच गोष्ट आहे, एक कमी केली की दुसरीही कमी होणार, असं त्यांनी धरलेलं असतं. प्रत्यक्षात या दोन्ही भावना दोन वेगळ्या प्रश्नांवर चालतात. भयकथेचा प्रश्न असतो, ‘आता याचं काय होणार?’ उत्कंठेला ‘हे झालं कसं?’ एवढा प्रश्नही पुरतो. भयकथेची सौम्य पटकथा करताना प्रसंग कापत बसण्यापेक्षा आधी हा प्रश्न बदलावा, असं आमचं म्हणणं आहे.

सोलापुरातच बसवून बघू. इथे १८७७ साली पहिली कापडगिरणी उभी राहिली, पुढे आणखी गिरण्या आल्या, भोंग्यावर शहर उठायचं आणि झोपायचं. मग गिरण्या बंद पडल्या, पण पूर्व भागात घराला लागून असलेल्या शेडमध्ये यंत्रमागाची खटखट अजून ऐकू येते. अशा गावात भयकथा मागाभोवती फिरणार हे उघड आहे. तिचा साचा साधारण असा: बंद शेडमधला माग मध्यरात्री आपोआप सुरू होतो. नवा वॉचमन बॅटरी घेऊन आत जातो. मागावर कुणी नाही, आडवं सूत नेणारा धोटा मात्र इकडून तिकडे धावतोय. मग पाठमोरा विणकर दिसतो, तो वळतो, अर्धा चेहरा जळालेला. सकाळी वॉचमन चादरीत गुंडाळलेला सापडतो आणि चादरीच्या नक्षीत लाल रंग असतो, जो कुणी रंगवलेला नसतो.

ही कथा कुटुंबासाठी करा म्हटलं की पहिल्या फेरीत काय होतं? जळका चेहरा जातो, प्रेत जातं, लाल रंग जातो. उरतं काय, तर अंधारात चालणारा माग आणि घाबरलेला वॉचमन. म्हणजे धमकी तशीच राहिली, फक्त ती पुरी झाली नाही. लहान मुलाला याने उलट जास्त त्रास होतो. वॉचमनचं पुढे काय झालं हे पडद्यावर दिसलं नाही, तर मूल ते अंथरुणात पडल्यावर स्वतः पूर्ण करतं.

तेव्हा प्रसंग बाजूला ठेवून आधी मागाकडेच नीट बघावं. जुन्या पद्धतीच्या मागावर आडवं सूत, म्हणजे बाणा, धोट्यातल्या कांडीवर गुंडाळलेलं असतं. कांडी संपली की आडवा दोरा लागत नाही. मागावरचा छोटा काटा ते ओळखतो, हँडल सुटतं आणि माग थांबतो. मग विणकराने धोटा काढायचा, नवी कांडी घालायची, धोटा परत बसवायचा आणि हँडल ओढायचं. चादरीसारख्या जाड सुताला एक कांडी फार वेळ पुरत नाही. कथेपुरतं चार मिनिटं धरू, आणि एका चादरीला नऊ कांड्या. खरा आकडा सुताच्या जाडीवर आणि कांडीच्या मापावर बदलतो. पटकथेत मात्र एक आकडा ठरवून तोच शेवटपर्यंत पाळायचा. बाणाही एकाच रंगाचा घ्यावा, नाहीतर हिशेब प्रेक्षकाच्या डोक्यावरून जाईल.

आता भयकथेतला ‘माग आपोआप सुरू होतो’ हा चमत्कार सोडून द्या. माग बाबांनीच सुरू केलाय. ऑर्डर उद्या-परवा द्यायची आहे, कामगार गावी गेलाय, बाबा तीन रात्री जागे आहेत आणि शेडमधल्या खाटेवर त्यांचा डोळा लागलाय. एरवी माग थांबला की विणकराला त्या शांततेनेच जाग येते, आज येत नाही. म्हणजे कांडी संपल्यावर माग थांबून राहायला हवा होता. तो पुढेही चालत राहिला. कांडी कुणी बदलली?

एवढ्या एका वाक्यात भूत आलं, आणि कुणाच्या जिवाला काही धोका नाही. घरातली नऊ वर्षांची श्रावणी सकाळी शाळेला जाण्याआधी हिशेब मांडते. रात्री पेटीत तीस भरल्या कांड्या होत्या. बाबा म्हणतात, मी बारा बदलल्या, मग झोप लागली. सकाळी पेटीत नऊच आहेत. म्हणजे आणखी नऊ संपल्या, आणि गुंडाळलेलं कापड बरोबर एका चादरीने जास्त भरतं. वर रिकाम्या कांड्या. बाबा त्या टोपलीत भिरकावतात. या नऊ मात्र खिडकीच्या कट्ट्यावर रांगेत उभ्या करून ठेवल्यात.

इथे पटकथाकाराला सांगायचं ते हे, की असा पुरावा प्रेक्षकाने स्वतः मोजलेला असला पाहिजे. त्यासाठी पहिल्या दोन मिनिटांत, दिवसाढवळ्या, कांडी संपण्याचं आणि बदलण्याचं पूर्ण काम एकदा सलग दाखवावं. कुणी समजावून सांगू नये. बाबा जेवता जेवता उठतात, कांडी बदलतात, परत येऊन भाकरीचा तुकडा मोडतात, इतकंच. ज्या प्रेक्षकाला मागातलं काही कळत नाही त्यालाही नियम कळतो. नियम कळल्याशिवाय नियम मोडल्याची मजा नाही. बहुतेक सौम्य भूतकथा इथेच फसतात: आधी विचित्र घडतं आणि मग ‘हे विचित्र का आहे’ ते कुणीतरी संवादात सांगतं. तोवर उशीर झालेला असतो.

चौदा मिनिटांची फिल्म धरली तर पटकथा साधारण चौदा पानांची होईल, कारण एक पान म्हणजे ढोबळमानाने एक मिनिट. त्यात तीन रात्री आणि शेवटची एक छोटी चौथी. प्रत्येक रात्रीने एका प्रश्नाचं उत्तर द्यावं आणि त्यातूनच पुढचा प्रश्न निघावा. पहिल्या रात्रीचं उत्तर मिळालं: नऊ कांड्या कुणीतरी बदलल्या. मग बाबांनीच झोपेत उठून बदलल्या असतील का?

दुसरी रात्र या फिल्मचा गाभा आहे. श्रावणी आतल्या खोलीत, भिंतीपलीकडे माग. तिला आवाजाची सवय आहे, त्यामुळे तिला जाग येते ती माग थांबल्यावर. ती अंधारात बोटं दुमडत मोजते. एक, दोन, तीन… दहाला माग पुन्हा सुरू. हे बाबा. चार मिनिटांनी परत थांबतो, परत दहा. पडद्यावर अर्थातच चार मिनिटं बसून राहायचं नाही. घड्याळ, पाण्याचा तांब्या, कूस बदलणं, अशा दोन-तीन दृश्यांत वेळ सरतो. तिसऱ्या खेपेला माग थांबतो आणि त्या शांततेत भिंतीपलीकडून बाबांचं घोरणं ऐकू येतं. श्रावणी मोजतेय: एक, दोन, तीन, चार. माग सुरू. घोरणं आवाजाखाली दबून जातं.

या प्रसंगात दिसण्यासारखं काहीच नाही. पडद्यावर एका मुलीचा चेहरा आणि तिची बोटं. पण बाबा झोपलेत हे घोरण्याने पक्कं केलं, आणि दहाच्या जागी चार आल्याने तिथे असलेलं माणूस बाबांपेक्षा कसबी आहे हेही कळलं. भयपटात आवाज दचकवतो. इथे आवाज हीच सुरक्षित स्थिती आहे आणि शांतता आली की प्रेक्षक सावरून बसतो, मोजायला लागतो. पुढच्या वेळी माग थांबला की घरातली पोरं मोठ्याने मोजू लागली, तर पटकथा जमली असं समजावं.

दहा आणि चार यांतला फरक हवेतून आणू नये. त्याला कामातलं कारण हवं आणि ते आहेच. जुना विणकर दुसरा धोटा आधीच भरून मागावर तयार ठेवतो. माग थांबला की धोटाच बदलायचा आणि हँडल ओढायचं. रिकाम्या धोट्यात कांडी भरायचं काम माग चालू असताना सावकाश होतं. बाबा एकाच धोट्यावर काम करतात, कांडी काढून नवी घालेपर्यंत माग उभा. आजोबांनी शिकवलेलं त्यांनी तेव्हा ऐकलं नव्हतं. भुताची ओळख, त्याची इच्छा आणि बापलेकातलं राहून गेलेलं बोलणं, हे सगळं सहा सेकंदांच्या फरकात बसतं. फ्लॅशबॅकची गरज नाही. हार घातलेला फोटोही शक्यतो दाखवू नये, तो दिसला की सगळं तिथेच संपतं.

भुताला मर्यादा घालणं हे पटकथेतलं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे. काहीही करू शकणारं भूत भीतीदायकच असतं, मग ते कितीही गोड बोलो. आपलं भूत धोटा बदलू शकतं, रिकाम्या धोट्यात कांडी भरू शकतं, संपलेली कांडी कट्ट्यावर ठेवू शकतं आणि हँडल ओढू शकतं, कारण तेच त्याने जन्मभर केलं. दार उघडता येत नाही, दिवा लावता येत नाही, खोलीतून खोलीत जाता येत नाही, आणि मागाच्या कामापलीकडे त्याला काही कामच नाही. बाबा जागे असतील तर ते येत नाही. हे नियम पटकथेच्या पहिल्या पानावर, संवादांच्या आधी, लेखकाने स्वतःसाठी लिहून काढावेत आणि एकही मोडू नये. शूटिंगच्या दिवशी कुणीतरी हमखास म्हणतं, ‘सर, पडदा हलवू या का थोडा?’ पडदा हलला की भूत घरभर फिरू शकतं असा अर्थ होतो, आणि मग ते प्रेक्षकाच्याही घरी येऊ शकतं. पूर्व भागात तर ज्याच्या घरात ही फिल्म लागणार त्याच्याही शेजारच्या शेडमध्ये असाच माग असेल. तिथल्या मुलासाठी हे भूत घरातलं माणूसच असायला हवं, आणि त्याचं ठिकाण त्या एका मागापुरतंच.

तिसऱ्या रात्री श्रावणी आजीला उठवते. लहान मूल भीतीचा अंदाज मोठ्यांच्या चेहऱ्यावरून घेतं. आजी घाबरली तर बाकी सगळी काळजी वाया. ही आजी डोळे चोळत उठते, दाराच्या फटीशी उभी राहते, माग थांबतो तशी तीही मोजायला लागते आणि चारला तिला हसू येतं. ‘अगं, ह्यांनी कधी पाचवर जाऊ दिलेलं बघितलं नाही मी,’ एवढंच वाक्य. कॅमेरा शेडच्या आत जात नाही. मागाकडे बघणारे दोन चेहरे आपण बघतो. इथे आकृती दाखवण्याचा मोह भल्याभल्यांना होतो, धुरकट का होईना. दाखवली की प्रेक्षक ती किती चांगली केलीय हे तपासायला लागतो आणि कथेतून बाहेर पडतो. लहान मुलं त्यातही दिसण्याला जास्त घाबरतात: सात-आठ वर्षांखालच्या मुलाला ‘ते चांगलं आहे’ हे सांगून उपयोग नसतो, जे विचित्र दिसतं ते त्याच्यासाठी वाईटच. त्याहून मोठ्या मुलांना काय होऊ शकेल याची भीती वाटते, आणि ती भीती नियमांनी आवरता येते.

सकाळी आजी बाबांना काही समजावत नाही. चहाबरोबर दुसरा धोटा समोर ठेवते. चौथ्या रात्री माग थांबतो, श्रावणी मोजते, चारला सुरू होतो, आणि मधल्या शांततेत घोरणं नाही. बाबाच आहेत. सकाळी पेटीतला हिशेब जुळतो, एकही कांडी जास्त गेलेली नाही. खिडकीत एक रिकामी कांडी उभी आहे की नाही, यावर वाद होऊ शकतो. आमचं मत ठेवावी असं आहे. ती काढली तर आजोबांचं काम झाल्यावर त्यांना घालवून दिल्यासारखं होतं.

एक इशारा मात्र सौम्यतेच्या भरात विसरला जातो. चालत्या मागातून धोटा उडाला तर माणूस जबर जखमी होतो. श्रावणीला मागाजवळ जाताना दाखवू नये, कांडी भरतानाही नाही, आणि शूटिंग बंद मागावर करून आवाज नंतर घालावा. भूत सौम्य आणि यंत्र मात्र खेळण्यासारखं, असा उलटा निरोप घरात जायला नको.

पटकथा एवढी जपून लिहिली तरी ती बिघडते बहुधा आवाजाच्या टेबलावर. संगीतकाराला ‘भुताची फिल्म’ एवढंच कळलेलं असतं. तो खर्जातला लांब सूर घालतो आणि जी भीती पानावर नव्हती ती कानातून आत येते. त्यामुळे संगीत कुठे नाही हे पटकथेतच लिहावं: माग थांबलेला असताना काहीही वाजणार नाही. मोठ्या आवाजाच्या बाबतीत नियम सोपा आहे, आधी कारण दिसावं, मग आवाज यावा. बाबांचा हात हँडलवर दिसला आणि मग खडखडाट झाला तर कुणी दचकत नाही. उलट क्रम केला की तोच खडखडाट भयपटाचा होतो. श्रावणी तर भिंतीआड आहे, तिला हात दिसत नाही. तिथे तिचं मोजणं हेच कारण आणि तिची बोटं हीच आगाऊ सूचना. एकदा ‘चारला सुरू होतं’ हे कळलं की चार या आकड्याला आवाज येणार हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. शिवाय घरी लोक संवाद ऐकू आले नाहीत की रिमोटने आवाज वाढवतात. कुजबुज फार हळू ठेवली तर पुढचा माग कानठळ्या बसवणार. कुजबुज वर आणा, माग खाली.

आता आक्षेपाकडे. मुलांना भुताच्या कथा दाखवूच नयेत, त्याने अंधश्रद्धा वाढते, असं म्हणणारे लोक महाराष्ट्रात आहेत आणि त्यांचं म्हणणं हलकं नाही. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरीने किंवा साखळीने बांधणं, काठीने मारणं, मिरचीची धुरी देणं हे सगळं नोंदलेलं आहे, कारण ते खरोखर घडत आलंय. नेहमीच्या भयपटात मात्र हीच दृश्यं सुटकेचा मार्ग म्हणून येतात: अंगात आलेली बाई, मांत्रिक, धुरी, आणि मग सगळं ठीक. सौम्य आवृत्ती करताना जळका चेहरा काढून मांत्रिक मात्र विनोदी करून ठेवला, तर भीती गेली आणि अंधश्रद्धा राहिली. आमच्या पटकथेत कुणाच्या अंगात येत नाही, कुणी उतारा टाकत नाही, आणि मुलगी पहिल्यांदा काय करते तर कांड्या मोजते. भूत खरं निघतं हे कबूल आहे. कथेत ते खरं असू शकतं, जसा गोष्टीतला कोल्हा बोलू शकतो. मुलाला हा फरक कळतो, अट एवढीच की कथेने त्याच्या खऱ्या आयुष्यातल्या आजारावर, मृत्यूवर किंवा शेजारच्या बाईवर बोट ठेवू नये.

वयाच्या शिक्क्यावर सगळी भिस्त ठेवणाऱ्यांशी आमचं तितकंसं जमत नाही. २०२३ च्या दुरुस्तीनंतर सिनेमाच्या यूए प्रमाणपत्राचे सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील असे भाग झाले, आणि ओटीटीसाठीही २०२१ च्या नियमांत असेच टप्पे आहेत. हे चांगलंच झालं. पण शिक्का सांगतो की काय काढलंय किंवा किती ठेवलंय. घरातली आजी, आई-बाप आणि सहा वर्षांचं पोर एकत्र बसतील तेव्हा प्रत्येकाला बघण्यासारखं काही आहे का, हे तो सांगत नाही. पुष्कळदा ‘सगळ्यांसाठी’ या शिक्क्याखाली फक्त सर्वांत लहान प्रेक्षकाचा विचार केलेला असतो, आणि मोठे मोबाईल काढून बसतात. दहा आणि चारचा फरक पोराला खेळ वाटतो, बापाला तो आपल्या बापाशी न झालेल्या बोलण्यासारखा वाटू शकतो.

शूटिंगआधी एक तपासणी करता येते आणि तिला पैसे लागत नाहीत. पटकथा दोन-तीन घरांत मोठ्याने वाचून दाखवा, माग थांबतो तिथे खरोखर थांबा आणि मनात चार मोजा. मुलं पुढे सरकली तर ठीक. आईला चिकटली तर ती नेमकी कुठल्या ओळीला चिकटली ते समासात लिहून ठेवा. बहुतेक वेळा ती ओळ भुताची नसते. श्रावणी एकटी आहे, हाकेच्या अंतरावर कुणी मोठं माणूस नाही, असं जिथे वाटतं ती असते. दुसऱ्या रात्री आजीची खाट त्याच खोलीत आणली, तिची कूस बदलल्याचा आवाज एकदा ऐकवला, की ती ओळ न बदलता प्रसंग सुटतो.